तवशाचं धोंडस आणि वहीतलं पान

आईच्या वहीत धोंडसाचं पान आहे. वर निळ्या शाईत 'सासूबाईंचे धोंडस' असं लिहिलंय आणि खाली सात ओळी. काकडी किसून घट्ट पिळावी. पिळलेल्या पाण्यात गूळ विरघळवावा. त्यात भाजलेला रवा, काकडीचा कीस, ओलं खोबरं घालावं. पाणी लागेल तसं. चिमूटभर सोडा. जाड बुडाच्या भांड्यात खाली-वर विस्तव ठेवून भाजावं. गार झाल्यावर वड्या.

त्या पानाचा फोटो मी मोबाइलमध्ये घेतला होता आणि या आश्विनात आचऱ्याला आठ दिवस राहायला गेले, ते धोंडस शिकायचंच असं ठरवून. आजी आता ब्याऐंशीची आहे. चुलीपुढे बसते, पण फार वेळ वाकवत नाही. धोंडस ती वर्षातून एकदाच करते, गणपती गेल्यावर आणि दिवाळीच्या आधी, कारण तेव्हा तवशी पिकलेली असतात. आजवर मी ते फक्त खाल्लं होतं.

ज्यांनी तवसं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणात पावसाळ्यात परसातल्या मांडवावर काकडीचा वेल चढवतात. कोवळी असताना ती आपण कोशिंबिरीला खातो. पण चारदोन काकड्या मुद्दाम वेलावर ठेवतात. त्या हातभर लांब होतात, मांडीएवढ्या जाड होतात, हिरव्याच्या पिवळ्या आणि मग तपकिरी-केशरी होतात, सालीवर भेगांची जाळी येते. ते तवसं. माडाच्या झावळीच्या पातीत किंवा सुंभात बांधून ते माजघराच्या वाशाला टांगतात. वारा लागत राहिला आणि एकमेकांना चिकटली नाहीत, तर ती महिनोन्महिने टिकतात. मी गेले तेव्हा वाशाला पाच टांगलेली होती. त्यातलं एक आजीने काठीने ठोकून दाखवलं आणि म्हणाली, "ह्या काढ."

पहिला दिवस माझा होता. मी आजीला म्हटलं, तू फक्त बस, मी वहीप्रमाणे करते, चुकलं तर सांग. तिने पाट ओढून घेतला आणि विळीवर तवशाची दोन्ही टोकं स्वतःच कापली. देठाकडची चकती चाखली, मग मला दिली. कडू नव्हती. टोक कापलेल्या जागी घासून फेस काढायची तिची सवय आहे. कडूपणा फेसाबरोबर जातो असं ती मानते. मला ते पटत नाही. काकडीतला कडू अंश देठाकडे आणि सालीखाली जास्त असतो, आणि अख्खं फळच कडू निघालं तर घासून काही होत नाही. ते टाकूनच द्यावं, कारण फार कडू काकडी पोटाला बाधते. हे मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसरं टोकही घासलं. चाखणं मात्र तिचंच बरोबर आहे. देठाकडची चकती खाऊन पाहिल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

मी साल काढली, मधून चिरून बिया आणि बियांभोवतीचा आंबूस गर चमच्याने खरवडून काढला आणि उरलेला पांढरा घट्ट मगज किसणीवर किसला. मग वहीप्रमाणे मूठ मूठ कीस घेऊन पिळायला लागले.

"पिळतंस कित्याक गो?"

"वहीत लिहिलंय, आजी."

"वहीत कोणी लिवल्यान?"

"आईने. तुझंच आहे ते. वर 'सासूबाईंचे' लिहिलंय."

"मी असा कधीच सांगूक नाय." तिने पाट जवळ ओढला. "तवशाचा पाणी म्हणजेच धोंडसाचा पाणी. ता काढलंस तर रवो काय पितलो?"

मी थांबले नाही. ही माझी चूक होती. पण तेव्हा मला वाटलं की पाणी मी फेकत नाहीये, त्याच पाण्यात गूळ विरघळवायचाय, म्हणजे ते परत त्यातच जाणार. हिशेब तर बरोबर होता. साधारण आठशे ग्रॅम किसातून दोन वाट्या पाणी निघालं. घरून आणलेल्या छोट्या काट्यावर मी सगळं मोजत होते. रवा चारशे वीस ग्रॅम, म्हणजे आजीच्या पितळी फुलपात्राने दोन. गूळही तेवढाच, खोबरं अर्ध्या नारळाचं. गूळ पाण्यात विरघळला, रवा त्यात गेला, कीस गेला, खोबरं गेलं. मिश्रण इडलीच्या पिठासारखं झालं. 'लागेल तसं' म्हणजे एवढंच असावं असं समजून मी उरलेलं थोडं पाणी बाजूला ठेवलं.

आता सोडा. मी डबा उघडला तशी आजी उठून उभी राहिली. तिला उठायला त्रास होतो, म्हणून मला ते लक्षात आहे.

"सोडो? धोंडसाक सोडो? तो काय केक हा?"

यावर आमचं बराच वेळ चाललं. माझं म्हणणं, चिमूटभराने काय होतंय, थोडं हलकं होईल. तिचं म्हणणं, धोंडस हलकं असूच नये, ते दाताला भरलं पाहिजे आणि वडी हातात धरली तर वाकता कामा नये. शिवाय सोड्याने गुळाची चव बिघडते. हे दुसरं खरं आहे. गुळाला सोडा लागला की रंग काळपट चढतो, आणि आंबट काही नसेल तर मागे साबणासारखी चव राहते. मी सोडा ठेवून दिला. एवढ्या एका गोष्टीत त्या दिवशी मी तिचं ऐकलं.

मिश्रण लगेच टोपात ओतलं आणि चुलीवर ठेवलं. वर पितळी झाकण, झाकणावर निखारे. तासाभराने उघडलं तर वरून सुंदर तपकिरी, खरपूस. वास सगळ्या घरात. मला राहवलं नाही आणि मी गरमच कापलं.

सुरी आत गेली आणि वडीचा चुरा झाला. वरचा थर कोरडा होता आणि दाताखाली रव्याचे कण कचकच लागत होते. बुडाला मात्र गुळाचा चिकट पाक जमला होता, काही ठिकाणी करपलेला. वर कोरडं आणि खाली ओलं. एकाच भांड्यात दोन्ही कसं होतं, हे मला तेव्हा कळेना. पाणी कमी झालं म्हणावं तर खाली पाक आहे, जास्त झालं म्हणावं तर वर कण कच्चे आहेत.

आजीने चिमूटभर चुरा बोटांत घेतला, कण चुरून पाहिला. तो चुरला गेला नाही. ती रागावली नाही. हळूच म्हणाली, "गुळात पडलेलो रवो शिजणा नाय. रव्याक आधी पाणी पिऊंदे. मगे गूळ."

हे आपल्याला खरं तर माहीत असतं. शिऱ्यात साखर आपण रवा फुलल्यावरच घालतो. गोडात घातलेली डाळ शिजत नाही हे प्रत्येक घरात सांगितलं जातं. गूळ पाणी धरून ठेवतो. पाण्यात आधी गूळ गेला, तर ते पाणी रव्याच्या कणात शिरायला नाखूश असतं, आणि कण फुलायला आच जास्त लागते, वेळही जास्त लागतो. वहीतल्या क्रमाने मी नेमकं तेच केलं होतं. तवशाचं पाणी काढलं, ते गुळाला दिलं आणि मग रव्याला म्हटलं आता पी. रवा प्यायला नाही. न प्यायलेला पाक वजनाने खाली बसला आणि बुडाला जळला. पाणी तितकंच होतं, पण चुकीच्या हाती गेलं होतं.

तरीही वहीत असं का लिहिलंय हा प्रश्न होताच. आई काही मनाने लिहिणारी नव्हे. तिच्या वहीत 'सव्वा वाटी' असेल तर ती सव्वाच वाटी असते. रात्री मी ठाण्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

आई म्हणाली, "अगं, ते मी तुझ्या जन्माच्या वेळी लिहिलंय. चौऱ्याण्णव साली. जानेवारीत सासूबाई लालबागला आल्या होत्या बाळंतपणाला. मला धोंडस खावंसं वाटत होतं. तवसं कुठलं मिळणार तेव्हा? ह्यांनी बाजारातनं हिरव्या काकड्या आणल्या, पाण्याने भरलेल्या. सासूबाईंनीच सांगितलं, पिळ म्हणून. मी शेजारी बसून लिहून घेतलं."

"आणि रवा?"

"घरात शिऱ्याचा होता तोच. गव्हाचा. कण्या कुठे दळत बसणार चाळीत."

"आणि सोडा, आई?"

"सोडा माझा," आई म्हणाली. "तो मी नंतर घातला. मागाहून लिहिलाय बघ, शाई वेगळी असेल."

मी फोटो मोठा करून पाहिला. सोड्याची ओळ खरंच काळ्या शाईत होती. इतके दिवस ते माझ्या नजरेतून सुटलं होतं.

आजी माजघराच्या उंबऱ्यावर बसली होती. सगळं ऐकत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पिळला असतला मी. नुसता पाणीच होता ता." आणि थोड्या वेळाने, जरा मोठ्याने, आईला ऐकू जाईल असं, "पण त्या काकडीक तवसा म्हणू नको."

तर असं झालं होतं. बाजारची कोवळी हिरवी काकडी पाणी फार सोडते, म्हणून पिळायची. गव्हाचा बारीक रवा तांदळाच्या कण्यांपेक्षा लवकर फुगतो, म्हणून गुळाच्या पाण्यातही निभावून गेला. त्या चाळीत, त्या काकडीला आणि त्या रव्याला ती सात ओळींची कृती बरोबरच होती. आजीने ती त्या दिवसापुरती केली आणि विसरली. आईने ती जपून ठेवली. आणि मी ती तीस वर्षांनी आचऱ्याला, पिकल्या तवशाला आणि तांदळाच्या कण्यांना लावली.

दुसऱ्या दिवशी आजीने दुसरं तवसं काढायला लावलं आणि या वेळी पाटावर ती बसली. मी काटा घेऊन शेजारी बसले. काट्याबद्दल तिची तक्रार होती, पण प्रत्येक भांडं ती माझ्या काट्यावर ठेवू देत होती.

सुरुवात रव्यापासून केली. रवा सुरय तांदळाच्या कण्यांचा. उकडे तांदूळ चालत नाहीत, त्यांचा रवा फुगतो पण चिकटत नाही. कण्या धुवून, सावलीत कपड्यावर पूर्ण सुकवून, जात्यावर जाडसर काढलेल्या होत्या. आता ती मिक्सरवरही काढते, फक्त थांबत थांबत, आणि मग चाळणीने पीठ वेगळं करते. पीठ राहिलं तर धोंडस लगद्यासारखं होतं. रवा कढईत चमचाभर तुपावर मंद आचेवर भाजला. रंग बदलू द्यायचा नाही. मुठीत घेतला तर गरम वाळूसारखा सुटा लागला पाहिजे आणि भाजल्या तांदळाचा वास यायला हवा. या कामाला बारा-पंधरा मिनिटं लागली. पुन्हा चारशे वीस ग्रॅमच घेतला, मुद्दाम.

तवसं किसलं. पिळलं नाही. कीस आठशे चाळीस ग्रॅम भरला, म्हणजे रव्याच्या बरोबर दुप्पट. हे आजीने मोजलेलं नव्हतं. तिने रव्याच्या ढिगाकडे आणि किसाच्या ढिगाकडे पाहून "आता पुरे" म्हटलं होतं. मी नंतर वजन केलं.

मग रवा किसात घातला, बोटभर मीठ, आणि हाताने कालवलं. सुरुवातीला ते इतकं कोरडं वाटत होतं की मला पाणी घालायची घाई झाली. आजीने परातीवर ताट झाकलं आणि मला नारळ खवायला बसवलं. तासाभराने ताट काढलं तर मिश्रण ओलं झालं होतं, मिठाने तवशाला पाणी सुटलं होतं. तीन तासांनी ते परत घट्ट झालं, कारण रव्याने ते पाणी पिऊन घेतलं होतं. आजीने एक कण अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला. तो पसरला. मध्ये पांढरा टणक ठिपका राहिला नव्हता. मला तिने तसेच पाच-सहा कण वेगवेगळ्या जागचे दाबून पाहायला लावले. ठिपका असेल तर अजून थांबायचं. तवसं फार जून असेल आणि पाणीच कमी सुटलं तर काय, असं विचारलं, तर म्हणाली की मग नारळाचं पाणी शिंपडायचं, पण ते याच वेळी, गुळाच्या आधी.

आता गूळ. किसलेला, साडेतीनशे ग्रॅम. माझ्या कालच्यापेक्षा कमी, कारण पिकलं तवसं आणि खोबरं दोन्हीला स्वतःची गोडी असते. गूळ आणि खोबरं घालून आजीने कालवायला सुरुवात केली आणि पाच मिनिटांत ते घट्ट मिश्रण सरबरीत झालं. अक्षरशः पातळ. मी घाबरले. रव्याचा डबा हातात घेतला. तिने माझा हात धरला.

"थांब. गूळ पाणी सोडता. आता रवो घातलंस तर सकाळी दगड."

इथे पुष्कळ जण चुकत असणार, मीही चुकले असते. गूळ विरघळला की मिश्रण पातळ दिसतं, पण ते पाणी बाहेरचं नाही, आतलंच आहे, आणि ते चुलीवर आटणार आहे. आजीने सगळं जाड बुडाच्या टोपात ओतलं, दोन चमचे तूप घातलं आणि मध्यम आचेवर लाकडी कालथ्याने ढवळत बसली. थोड्या वेळाने कालथा मला दिला, तिचा खांदा दुखतो. सात-आठ मिनिटांनी कडा सुटायला लागल्या. पंधराव्या मिनिटाला कालथा मधून ओढला की बुड दिसायचं आणि वाट लगेच बुजायची नाही. तेव्हा उतरवलं.

वेलदोड्यावरून पुन्हा वाद झाला. मला थोडी पूड हवी होती. आजीने हळदीची पानं धुवून ठेवली होती आणि ती म्हणाली, दोन वास एकत्र नको. मी म्हटलं, आई घालते. ती म्हणाली, आई पान घालत नाही म्हणून घालते. यावर मला उत्तर सुचलं नाही. पण मला अजूनही वाटतं की चिमूटभर चालली असती.

दुसऱ्या टोपाला आतून तूप लावलं, बुडाला आणि कडेने हळदीची पानं बसवली, शिरेची जाड बाजू बाहेर. मिश्रण ओतलं, ओल्या हाताने सारखं केलं, वर केळीच्या पानाचा तुकडा. चुलीतली लाकडं आजीने मागे ओढली आणि खाली फक्त निखारे ठेवले. झाकणावरचा विस्तव मात्र तिने लाकडाचा घेतला नाही. सोडणं पेटवली. सोडण म्हणजे नारळाचं वरचं काथ्याचं साल. ते धुमसत राहतं, त्याची आच मऊ आणि पसरलेली असते. करवंटीचा निखारा फार कडक, त्याने वरचा थर काळा पडतो आणि आतलं तसंच राहतं. काल मी करवंट्याच ठेवल्या होत्या, कारण त्या हाताशी होत्या. खालची आच वरच्यापेक्षा कमी ठेवायची, गूळ आहे म्हणून. पाऊण तासाने तिने झाकणावरची राख काढून नवी सोडणं ठेवली.

मी मधेमधे उघडून पाहायला जात होते. तिने सांगितलं, उघडू नको, वास घे. आधी शिजत्या गुळाचा ओलसर गोड वास होता. सव्वा तास होत आला तेव्हा ती म्हणाली, "वास बदललो बघ." मी जवळ गेले. हळदीचं पान भाजल्याचा आणि त्यामागून भाजक्या खोबऱ्याचा वास येत होता, ओलसरपणा गेला होता. झाकण उचललं. कडा भांड्यापासून केसभर सुटल्या होत्या. झावळीचा हीर मधोमध खुपसून काढला, तो कोरडा निघाला, फक्त तुपाने चकाकत होता.

आणि मग तिने टोप झाकून माजघराच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

"थंड होवंदे. फाल्या कापूया."

रात्रभर थांबणं मला जड गेलं, पण कालचा चुरा आठवत होता. शिजलेला तांदूळ गार होताना आवळून घट्ट होतो, शिळा भात ताज्यापेक्षा कडक असतो तसा. धोंडस गरम असताना कितीही नीट शिजलेलं असो, त्याला धरून ठेवणारं काही तयार झालेलं नसतं. ते रात्री होतं.

सकाळी आजीने टोप ताटावर उपडा केला. एक थाप मारली. अख्खं धोंडस पानांसकट खाली आलं. पानं सोलली तर त्यांच्या शिरांचे ठसे बुडावर उमटले होते. सुरी गेली तेव्हा करकर आवाज नाही, चुरा नाही. वडीची कड सरळ, आतून मधाच्या रंगाची, मध्ये तवशाचे पारदर्शक धागे आणि खोबऱ्याचे पांढरे ठिपके. आजीने एक वडी दोन बोटांत धरून आडवी केली. वाकली नाही.

चव मी सांगू शकत नाही तशी. पहिला घास कमी गोड वाटतो, दुसऱ्याला हळदीचं पान येतं, आणि तवसं शेवटी कळतं, गिळल्यावर, थंडसं.

ठाण्याला परतल्यावर मी हे ओव्हनमध्ये करून पाहिलं, राहिलेल्या तीन तवशांपैकी एक घेऊन. भिजवणं, गुळाचा क्रम, आटवणं सगळं तसंच. 180 अंशांवर पंचावन्न मिनिटं, पहिली चाळीस मिनिटं वर केळीचं पान. जमलं. सोडणाचा किंचित धुरकट वास अर्थातच नाही. गॅसवर करायचं तर खाली तवा ठेवून मंद आचेवर तासभर लागतो, पण वरून विस्तव नसल्यामुळे वरचा थर फिका आणि ओलसर राहतो. मी गार झाल्यावर ते उलटून तूप लावलेल्या तव्यावर दुसरी बाजू शेकली. खायला चांगलं लागतं, कड तेवढी सुबक येत नाही. बाजारची हिरवी काकडी घ्यायची असेल, तर वहीतली पिळायची सूचना पाळा. फक्त पिळलेलं पाणी रव्याला द्या, गुळाला नको.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी कोरा कागद घेऊन आजीजवळ बसले. वहीतल्या पानाला तो जोडायचा होता. आईचं पान खोडायचं नाही असं आजीनेच सांगितलं. मी वर लिहिलं, रवा चारशे वीस ग्रॅम, आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"ता खोड."

"का? मोजलंय ना आपण."

"मोजलंस तां ह्या तवशाचा. फुडल्या वर्साचा तवसा तुका काय सांगतला?" तिने कागद माझ्या हातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, परत दिला. "आधी तवसा लिव. पिकलेला, साल भेगाळलेली. मगे कण दाबून बघूचो ता लिव. मगे वाटी."

मी आधी तवसं लिहिलं. मग कण. वजनं मी कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत. तिला ते दिसलं, पण ती काही बोलली नाही.